फोटोतली यादी, वहीतला ट्री: बायनरी सर्च ट्रीचा प्रश्न पायरीपायरीने

डेटा स्ट्रक्चरच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला. आठ-दहा आकडे दिलेले असतात. दिलेल्या क्रमानेच ते घालून बायनरी सर्च ट्री काढायचा आणि मग प्रीऑर्डर, इनऑर्डर, पोस्टऑर्डर लिहायचं. नियम एकच आहे आणि तो पाच मिनिटांत कळतो. तरीही मार्क जातात, कारण पुष्कळदा आकडाच चुकीचा वाचलेला असतो.

आपल्या मराठवाड्यात हे जास्त होतं, त्याला कारण आहे. हदगाव, गंगाखेड, अहमदपूर अशा गावांहून एसटीने येणाऱ्या मुलांचा पहिला तास बुडतो. फळ्यावरचं गणित मागच्या बाकावरून कुणीतरी मोबाइलवर टिपतं, तो फोटो ग्रुपवर येतो, तिथून पुढे जातो, आणि रात्री खोलीवर बसून मुलगा त्या फोटोवरून ट्री काढतो. फळ्यावर उन्हाची तिरीप, सरांचा खांदा मध्ये आलेला, खडू अर्धवट पुसलेला. एक आकडा चुकला तर सगळा ट्री हलतो. म्हणून हा लेख फोटोपासून सुरू करतो. मी नांदेडला मुलांना हा विषय शिकवतो, आणि पहिल्यांदाच या प्रश्नाला भिडणाऱ्या मुलाला जेवढं लागतं तेवढंच इथे घेतलं आहे.

आधी यादी उतरवा, ट्री नंतर

फोटो उघडला की थेट रूट काढायला बसू नका. वहीत एका ओळीत सगळे आकडे उतरवा आणि प्रत्येकाखाली त्याचा अनुक्रमांक लिहा. किती आकडे झाले ते प्रश्नाशी जुळवा. प्रश्नात `10 keys` किंवा `n = 10` असं काही लिहिलेलं असेल तर तुमच्याकडेही दहाच आले पाहिजेत. नऊ आले तर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. यादी फळ्यावर दुसऱ्या ओळीत गेलेली असते आणि ती ओळ फोटोत कापली गेलेली असते. नाहीतर स्वल्पविराम पुसला गेल्यामुळे दोन आकडे एक झालेले असतात. 15 आणि 4 असे दोन आकडे 154 दिसतात. बाकीचे सगळे आकडे शंभराच्या आतले असताना मध्येच 154 दिसला, तर तिथे थांबा.

मध्ये विसरलेला आकडा सर वर लिहून बाण करतात, तोही बघा. त्याची जागा बाणाच्या टोकाशी असते, यादीच्या शेवटी नाही. या प्रश्नात जागेलाच सगळी किंमत आहे.

आता अक्षराचा प्रश्न. इंग्रजी आकड्यांत 1 आणि 7, 6 आणि 0, 3 आणि 8 या जोड्या फसवतात. पण मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या मुलांच्या आणि सरांच्याही हातात दोन्ही लिप्या असतात आणि घाईत त्या मिसळतात. मराठीतला १ इंग्रजी 9 सारखा दिसतो, ४ हा 8 सारखा दिसतो, आणि घाईत लिहिलेला ५ कधी कधी 4 वाटतो. शंका आली तर त्याच फळ्यावर, त्याच हाताने लिहिलेला दुसरा तसाच आकडा शोधा. तारीख, प्रश्न क्रमांक, पान नंबर, काहीही चालेल. सरांचा 7 मध्ये आडवी रेघ असलेला असेल, तर रेघ नसलेला आकडा 1 असण्याची शक्यता वाढते.

फोटो फारच धूसर असेल तर मित्राला मूळ फोटो `Document` म्हणून पाठवायला सांगा. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना दाबून लहान करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो आहे तसा येतो. फोनवर विचारायचं झालं तर ‘त्रेसष्ट’ असं विचारू नका, ‘सहा-तीन’ असं विचारा. आपण बोलताना आधी तीन आणि मग साठ म्हणतो, त्यामुळे ऐकून लिहिणाऱ्याच्या हातून 63 चा 36 सहज होतो. आणि तुमच्या यादीत 36 आणि 63 दोन्ही असतील तर घोळ लक्षातही येत नाही.

एकच आकडा यादीत दोनदा दिसला तर आधी वाचण्यातली चूक धरा. परीक्षेतल्या बहुतेक याद्यांत आकडे वेगवेगळे असतात. खरंच दोनदा असेल तर समान आकडा डावीकडे जाणार, उजवीकडे जाणार की घालायचाच नाही, हे तुमच्या सरांनी ठरवलेलं असतं. पुस्तकागणिक ते बदलतं, म्हणून वर्गातल्या वहीत बघा.

आपलं उदाहरण

फोटोत ही यादी आहे असं धरू:

```
52, 28, 71, 15, 4?, 63, 45, 84, 36, 66
```

पाचव्या आकड्यातला एकक नीट दिसत नाही. माझ्या समोर दोन मुलांचा यावरून वाद झाला होता. एक म्हणाला, “हे एक्केचाळीस हाय.” दुसरा म्हणाला, “मला तर सत्तेचाळीसच दिसू लालंय.” दोघांनी आपापल्या आकड्यावरून ट्री काढला आणि दोन्ही ट्री नियमाप्रमाणे बरोबर होते. तरी त्यांतला एकच फळ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर होता. आधी 41 धरून पूर्ण काढू, मग 47 कडे येऊ.

कागद आखून घ्या

ट्री काढताना नवशिक्यांची मोठी अडचण जागेची असते. रूट पानाच्या मधोमध काढला, डावीकडे दोन लेव्हल खाली गेलं, आणि तिथे दोन नोड एकमेकांवर चढले. मग खाडाखोड होते आणि तीच पेपर तपासणाऱ्याला दिसते.

यावर एक साधा उपाय आहे. आकडे चढत्या क्रमाने लावून पानाच्या वरच्या कडेला एका ओळीत लिहा. प्रत्येक आकड्याला त्याचा स्वतःचा उभा रकाना मिळाला. आता कोणताही नोड काढायचा तो त्याच्याच रकान्यात, फक्त किती खाली ते लेव्हलवरून ठरेल. दोन नोड कधीच एकमेकांवर येणार नाहीत, कारण दोघांचा रकाना एक नाही. रेघी वहीत लेव्हलच्या ओळी आयत्याच मिळतात.

एकेक आकडा घालणं

नियम असा: नवीन आकडा नेहमी रूटपासून उतरतो. समोरच्या नोडपेक्षा लहान असेल तर डावीकडे, मोठा असेल तर उजवीकडे. जिथे जागा रिकामी सापडेल तिथे बसतो. एकदा बसलेला नोड पुन्हा हलत नाही.

52 पहिला, तो रूट. 28 लहान, डावीकडे. 71 मोठा, उजवीकडे. 15 हा 52 पेक्षा लहान, 28 पेक्षाही लहान, म्हणून 28 च्या डावीकडे.

41: 52 पेक्षा लहान, डावीकडे या. 28 पेक्षा मोठा, उजवीकडे जा. जागा रिकामी आहे, बसवा.

63: इथे थोडं थांबू, कारण इथेच बरीच मुलं घसरतात. आत्ताच 41 घातला, हात त्याच्यापाशीच आहे. “63 हा 41 पेक्षा मोठा, म्हणून 41 च्या उजवीकडे” असं म्हणून मोकळे होतात. तुलना शेवटच्या घातलेल्या आकड्याशी करायची नाही. पेन उचला, परत 52 वर ठेवा. 63 हा 52 पेक्षा मोठा, उजवीकडे. तिथे 71, त्यापेक्षा लहान, डावीकडे. रिकामं आहे, बसवा.

45: 52 पेक्षा लहान, 28 पेक्षा मोठा, 41 पेक्षा मोठा. 41 च्या उजवीकडे. 84: 52 पेक्षा मोठा, 71 पेक्षा मोठा, 71 च्या उजवीकडे. 36: 52 पेक्षा लहान, 28 पेक्षा मोठा, 41 पेक्षा लहान, म्हणून 41 च्या डावीकडे. शेवटी 66: 52 पेक्षा मोठा, 71 पेक्षा लहान, 63 पेक्षा मोठा, 63 च्या उजवीकडे.

रकान्यांवर मांडलं की असं दिसतं:

```
15  28  36  41  45  52  63  66  71  84
--------------------------------------
                    52
    28                          71
15          41          63          84
        36      45          66
```

आई-बाप नोडपासून मुलापर्यंत रेघा तुम्ही ओढा: 52 पासून 28 आणि 71, 28 पासून 15 आणि 41, 71 पासून 63 आणि 84, 41 पासून 36 आणि 45, 63 पासून 66. दहा नोड आणि नऊ रेघा. रेघा नऊपेक्षा कमी-जास्त भरल्या तर एखादा नोड सुटला आहे किंवा कुणाला दोन पालक झाले आहेत.

दोन तपासण्या, आणि दोन्ही कराव्या लागतात

पहिली तपासणी सगळ्यांना माहीत असते. इनऑर्डर, म्हणजे आधी डावी बाजू, मग नोड, मग उजवी बाजू असं वाचत गेलं की आकडे चढत्या क्रमाने आले पाहिजेत. वर 63 ला चुकून 41 च्या उजवीकडे टाकलं असतं, तर इनऑर्डरमध्ये 63 नंतर 52 आला असता आणि चूक लगेच पकडली गेली असती.

पण इनऑर्डर चढता आला म्हणजे ट्री बरोबर, असं धरू नका. याच दहा आकड्यांचे नियमात बसणारे कितीतरी वेगवेगळे ट्री होतात आणि त्या सगळ्यांचा इनऑर्डर एकच येतो. समजा यादी उतरवताना 41 नजरेतून सुटला आणि शेवटी लक्षात आल्यावर तुम्ही तो सगळ्यांच्या मागून घातला. मग 45 हा 28 च्या उजवीकडे बसतो, 36 त्याच्या डावीकडे, आणि 41 सगळ्यात खाली 36 च्या उजवीकडे. इनऑर्डर लिहा, अगदी व्यवस्थित चढता येतो. ट्री मात्र प्रश्नातला नाही. प्रीऑर्डर 52 28 15 45 36 41 असा सुरू होतो आणि मार्क जातात.

म्हणून दुसरी तपासणी. प्रत्येक नोडच्या कोपऱ्यात त्याचा यादीतला अनुक्रमांक बारीक लिहा. 52 ला एक, 28 ला दोन, 71 ला तीन, असं 66 ला दहापर्यंत. आता रूटपासून कोणत्याही टोकापर्यंत उतरत जा. अनुक्रमांक वाढतच गेले पाहिजेत, कारण पालक आधी बसलेला असल्याशिवाय मूल त्याच्याखाली बसूच शकत नाही. बरोबर ट्रीमध्ये 52, 28, 41, 36 या वाटेवर अनुक्रमांक एक, दोन, पाच, नऊ असे येतात. वरच्या चुकीच्या ट्रीमध्ये 36 चा अनुक्रमांक नऊ आणि त्याच्या खाली 41 चा पाच. चूक समोर उभी राहते.

यादी बरोबर उतरवलेली असेल आणि या दोन तपासण्या दोन्ही पास झाल्या तर ट्री नक्की बरोबर आहे, शंकेला जागा उरत नाही. कारण असं: यादीतल्या पहिल्या आकड्याच्या आधी कुणीच नाही, म्हणून त्याला पालक असूच शकत नाही, तो रूटच. त्यापेक्षा लहान ते सगळे डावीकडे, मोठे ते उजवीकडे, हे चढत्या इनऑर्डरने ठरलं. डावीकडच्यांत जो सगळ्यात आधी आला तोच त्यांच्यात वर. उजवीकडेही तसंच. खाली खाली असंच ठरत जातं आणि एकच चित्र उरतं. हीच जोडी, म्हणजे आडवा क्रम किमतीने आणि उभा क्रम दुसऱ्या एका आकड्याने, धरून सेसिलिया अरागॉन आणि रायमुंड झायडेल यांनी १९८९ मध्ये ट्रीप नावाची रचना मांडली. तिथे अनुक्रमांकाच्या जागी यादृच्छिक आकडा असतो. तुमच्या पेपरात ट्रीप येणार नाही, पण तपासणी मात्र तिथल्यासारखीच पक्की आहे.

ट्रॅव्हर्सल वाचणं

डावा हात झाडाला लावून त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायची, असं समजा. रूटच्या डाव्या अंगाने खाली उतरायला सुरुवात करा, प्रत्येक फांदीच्या आतबाहेर जा, हात सोडू नका, आणि रूटच्या उजव्या अंगाला येऊन थांबा. वहीत ही फेरी पेन्सिलीने एका सलग रेघेत काढता येते.

या फेरीत प्रत्येक नोडच्या तीन बाजूंनी तुम्ही जाता. डाव्या बाजूने गेलात तेव्हा नोंद केली तर प्रीऑर्डर. खालून गेलात तेव्हा नोंद केली तर इनऑर्डर. उजव्या बाजूने वर निघालात तेव्हा नोंद केली तर पोस्टऑर्डर. नोडच्या डाव्या, खालच्या किंवा उजव्या अंगाला एक ठिपका द्या आणि रेघ ठिपक्याला लागेल तसा आकडा लिहा.

आपल्या ट्रीचे उत्तर:

```
प्रीऑर्डर  : 52 28 15 41 36 45 71 63 66 84
इनऑर्डर    : 15 28 36 41 45 52 63 66 71 84
पोस्टऑर्डर : 15 36 45 41 28 66 63 84 71 52
```

63 कडे जरा बघा. त्याला डावं मूल नाही. अशा ठिकाणी मुलं अडखळतात आणि इनऑर्डरमध्ये 66 आधी लिहितात, कारण खाली तोच एक दिसतो. फेरीची रेघ मात्र 63 च्या डाव्या अंगाने उतरून लगेच त्याच्या खालून जाते, कारण डावीकडे आत शिरायला फांदीच नाही. म्हणून इनऑर्डरमध्ये 63 आधी, 66 नंतर. पोस्टऑर्डरमध्ये उलट, 66 आधी आणि 63 नंतर, कारण 66 ला वळसा घातल्याशिवाय 63 ची उजवी बाजू येतच नाही.

पुसट आकडा उत्तरावरून कसा ओळखायचा

आता 47 चा ट्री. पहिले चार आकडे तसेच. 47 हा 28 च्या उजवीकडे, म्हणजे 41 होता तिथेच. फरक पुढे पडतो. 45 आला, तो 47 पेक्षा लहान, म्हणून त्याच्या डावीकडे. मग 36 आला, तो 47 पेक्षा लहान, 45 पेक्षाही लहान, म्हणून 45 च्या डावीकडे. ट्री एक लेव्हल खोल गेला.

```
15  28  36  45  47  52  63  66  71  84
--------------------------------------
                    52
    28                          71
15              47      63          84
            45              66
        36
```

```
प्रीऑर्डर  : 52 28 15 47 45 36 71 63 66 84
पोस्टऑर्डर : 15 36 45 47 28 66 63 84 71 52
```

फळ्याच्या फोटोत बहुतेक वेळा यादीखाली उत्तरही असतं, किंवा पर्यायी प्रश्न असेल तर चार पर्याय असतात. तिथेही तोच आकडा तितकाच पुसट असेल. पण आता तुम्हाला तो आकडा वाचायचाच नाही, त्याच्या शेजारी कोण आहे एवढंच बघायचं.

प्रीऑर्डरमध्ये पुसट आकड्यानंतर 36 45 असेल तर तो आकडा 36 आणि 45 च्या मधला, म्हणजे 41 धरा. 45 36 असेल तर तो 45 पेक्षा मोठा, म्हणजे 47. इनऑर्डर असेल तर आणखी सोपं, कारण पुसट आकडा 36 आणि 45 च्या मध्ये आहे की 45 च्या पुढे, हे दिसतंच.

पोस्टऑर्डरवर मात्र इथे विसंबू नका. वरच्या दोन्ही पोस्टऑर्डर शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हींत 15 36 45, मग पुसट आकडा, मग 28, पुढे सगळं सारखं. ट्रीचा आकार वेगळा, पण पुसट आकडा त्याच जागी. 41 च्या ट्रीमध्ये 36 आणि 45 ही दोन मुलं आधी येतात आणि मग पालक. 47 च्या ट्रीमध्ये 36, 45, 47 ही एकच डावी साखळी खालून वर येते. दोन्हींत ओळ एकच पडते. फोटोत फक्त पोस्टऑर्डर असेल तर त्यावरून निकाल लागत नाही. उंची दिलेली असेल तर बघा. 41 चा ट्री चार लेव्हलचा आहे आणि 47 चा पाच. तेही नसेल तर मित्राला विचारा. त्या दोघा मुलांच्या फोटोत कोपऱ्यात प्रीऑर्डरची सुरुवात सापडली, 52 28 15, मग पुसट, मग 36, आणि वाद मिटला.

ही पद्धत एकक पूर्णपणे सांगत नाही, हेही ध्यानात घ्या. 41 आणि 43 मध्ये शंका असेल तर दोन्ही 36 आणि 45 च्या मधलेच आहेत, ट्री तोच येतो आणि शेजारीही तेच. पण तिथे नुकसानही कमी होतं, कारण आकार बरोबर येतो आणि एकच आकडा बदलावा लागतो.

नाव नसलेलं आउटपुट

कधी फोटोत आकड्यांची ओळ असते आणि वरचं नाव कापलेलं असतं. ओळ चढती असेल तर बहुतेक वेळा इनऑर्डर. यादीतला पहिला आकडा ओळीच्या शेवटी असेल तर पोस्टऑर्डर. तो सुरुवातीला असेल तर प्रीऑर्डर किंवा लेव्हल ऑर्डर, आणि या दोघांत फसगत होते, कारण आपल्या उदाहरणात दोन्ही 52 28 असेच सुरू होतात. तिसरा आकडा बघा. प्रीऑर्डर डावीकडे आणखी खाली उतरतो, म्हणून 15. लेव्हल ऑर्डर त्याच लेव्हलवर पुढे जातो, म्हणून 71.

प्रोग्राम देऊन आउटपुट विचारला असेल, तर फंक्शनच्या नावाकडे बघू नका, `printf` ची जागा बघा. पेपर काढणारे मुद्दाम नाव `show` किंवा `fun` असं ठेवतात.

```c
void show(struct node *t) {
    if (t == NULL) return;
    show(t->right);
    printf("%d ", t->data);
    show(t->left);
}
```

`printf` दोन कॉलच्या मध्ये आहे, म्हणून इनऑर्डरच. पण आधी `right` आहे, मग `left`. आउटपुट उतरत्या क्रमाने येईल: 84 71 66 63 52 45 41 36 28 15. `right` आणि `left` ची अदलाबदल न बघता चढता क्रम लिहून टाकणारे प्रत्येक वर्गात असतात.

एक सोडवून बघा

यादी फोटोत आलीच नाही, फक्त पोस्टऑर्डर आला, तरी ट्री काढता येतो, फक्त आकडे स्वच्छ वाचता आले पाहिजेत. पोस्टऑर्डर मागून पुढे वाचा आणि त्याच क्रमाने आकडे घालत जा. पोस्टऑर्डरमध्ये पालक नेहमी मुलांच्या नंतर येतो, म्हणून उलटं वाचलं की तो आधी येतो, आणि आपली अनुक्रमांकाची तपासणी आपोआप पास होते.

```
पोस्टऑर्डर : 18 25 22 40 75 90 60 35
```

उलटं वाचलं की 35, 60, 90, 75, 40, 22, 25, 18. हे घालून ट्री काढा आणि मग खालचा प्रीऑर्डर जुळतो का बघा. 75 ची जागा चुकण्याची शक्यता जास्त आहे. तो 90 च्या डावीकडे येतो.

```
प्रीऑर्डर  : 35 22 18 25 60 40 90 75
```